'करणाऱ्या'चे 'करणान्या' का होते? फोनवर मराठी पानाचा मजकूर करताना पुन्हा पुन्हा येणारी एक चूक

छापील पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला, ॲपने मजकूर दिला, वरवर वाचला तर छान वाटला. मग नीट वाचायला बसलो तेव्हा दिसले की 'शेतकऱ्यांनी'च्या जागी 'शेतकन्यांनी' आहे, 'चेहऱ्यावर'चे 'चेहन्यावर' झाले आहे आणि 'कोपऱ्यात'चे 'कोपन्यात'. एका पानावर अशा पाच-सहा जागा तरी निघतात, आणि पुस्तक संपेपर्यंत त्या शेकड्यांत जातात. फोनवर मराठी पुस्तके टंकण्याऐवजी फोटोतून उतरवणाऱ्या प्रत्येकाला ही चूक भेटलेली असते. बाकीच्या चुका पानागणिक बदलतात, ही मात्र ठाण मांडून बसते. म्हणून आज फक्त तिच्याबद्दल लिहितो.

ही चूक एकच दिसत असली तरी ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी तयार होते: फोटोत, ॲपमध्ये, किंवा मजकूर तयार झाल्यावर त्याच्या युनिकोडमध्ये. इलाज तिन्हींचे वेगळे आहेत. फोटो वाईट असताना ॲप बदलत बसलात तर चार ॲप होतील आणि चूक तिथेच राहील. मी हे केलेले आहे, त्यामुळे सांगतो.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

चुकलेला एक परिच्छेद निवडा. त्याच्या चार-पाच ओळीच फ्रेममध्ये येतील इतका फोन जवळ नेऊन, भरपूर उजेडात, नवा फोटो काढा आणि तो त्याच ॲपला द्या. आता 'ऱ्या' बरोबर आला, तर ॲपला अक्षर ओळखता येते, पहिल्या फोटोत ते पुरेसे दिसत नव्हते. जवळून काढूनही 'न्या'च आला, तर फोटोला दोष देऊ नका, प्रश्न ॲपचा किंवा त्यातल्या भाषेच्या निवडीचा आहे. आणि तिसरा प्रकार असा की डोळ्यांना 'दुसऱ्या' अगदी बरोबर दिसतो, पण शोध-चौकटीत 'दुसऱ्या' टाइप केला की फाइलमध्ये सापडत नाही. ती युनिकोडची भानगड, तिच्याकडे शेवटी येऊ.

हे अक्षर इतके नाजूक का

मराठीत र पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडला जातो. एक रफार, जो शिरोरेषेच्या वर बसतो: सूर्य, कार्य, आचार्य. दुसरा हा, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला, जो शिरोरेषेच्या खाली, य किंवा ह च्या डावीकडे कोयत्याच्या पात्यासारखी एक वाकडी रेघ होऊन बसतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक एवढ्या एका रेघेचा आहे, पहिले शिकवणारे आणि दुसरे स्वयंपाक करणारे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच.

आता अर्ध्या न कडे बघा. तोही त्याच जागी बसतो: डावीकडे एक गाठ आणि तिच्यातून य पर्यंत जाणारी आडवी रेघ. कोयत्याच्या बाकात थोडी शाई भरली की गाठ तयार होते, आणि 'ऱ्या' व 'न्या' यांच्यात फोटोपुरता तरी फरक राहत नाही. बाकाचा खालचा भाग जरा फुगला तर अर्धा च दिसतो आणि 'राहणाऱ्या'चे 'राहणाच्या' होते. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकांत खिळा झिजलेला असतो, शाई पसरलेली असते, त्यामुळे तिथे हे जास्त घडते. अलीकडच्या संगणकीय छपाईत बाक स्वच्छ असतो, पण कागद पातळ असेल तर मागच्या पानाची शाई नेमकी त्या पोकळीत उमटलेली दिसते.

त्यात भर म्हणजे हिंदीत हे जोडाक्षर वापरातच नाही. ॲपमधले अक्षरे ओळखणारे यंत्र, म्हणजे ओळखयंत्र, आकार जसा बघते तसा शेजारची अक्षरेही बघते, आणि ज्या अक्षरांच्या जोड्या त्याला शिकताना पुष्कळ दिसल्या त्यांच्याकडे कल घेते. हिंदी मजकुरावर शिकलेल्या यंत्राने 'ऱ्य' जवळपास पाहिलेलाच नसतो, 'न्य' मात्र हजारदा पाहिलेला असतो. आकार जरा संदिग्ध झाला की ते ओळखीच्या बाजूला कलते.

फोटोतला दोष

पहिले काम मोजणीचे. टेसरॅक्ट हे मुक्त ओळखयंत्र चालवणारे इंचाला निदान ३०० ठिपके असावेत असे सांगतात, आणि बाकीच्या ॲपसाठीही तो आकडा धरून चालायला हरकत नाही. साध्या डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साधारण साडेआठ इंच उंच असते. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सुमारे ४००० गुणिले ३००० ठिपके. एकच पान फ्रेमभर उभे घेतले तर ४००० भागिले साडेआठ, म्हणजे इंचाला साडेचारशेच्या वर. उत्तम. तेच पुस्तक उघडून दोन पाने एकत्र, वर कडेचे टेबलही दिसेल असे घेतले, तर ४००० ठिपके तेरा-एक इंचांत वाटले जातात, म्हणजे इंचाला तीनशेच्या आसपास. काठावर.

खरा घात यानंतर होतो. असा फोटो संदेशाच्या ॲपमधून दुसऱ्या फोनवर पाठवला आणि वाटेत त्याची लांब बाजू १६०० ठिपक्यांवर आली, तर इंचाला १२५ सुद्धा उरत नाहीत. १२ पॉइंटचे अक्षर मात्रा-उकारांसकट वीसेक ठिपक्यांत कोंबले जाते. त्यात कोयत्याच्या रेघेची जाडी एक-दोन ठिपके. तिचा बाक दिसणार कुठून? म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ज्या फोनने काढला त्याच फोनवर मजकूर करा. दोन पाने एकत्र घेऊ नका. आधी सगळी उजवी पाने, मग पुस्तक फिरवून सगळी डावी, असे काढले तर हातही बसतो आणि फोन सारखा हलवावा लागत नाही.

दुसरा दोष मला ओळखायला फार वेळ लागला. कागदपत्रे स्कॅन करणाऱ्या ॲपमध्ये काळे-पांढरे करणारे फिल्टर असतात. पान एकदम झकास दिसते: पांढराशुभ्र कागद, काळीभोर अक्षरे. आपल्याला वाटते यंत्रालाही हेच आवडणार. पण ते फिल्टर प्रत्येक ठिपक्याला 'काळा की पांढरा' एवढाच निकाल देते, करड्या छटा फेकून देते. नाजूक बाक त्या छटांतच असतो. मर्यादा एका बाजूला सरकली तर कोयत्याचा बाक भरून गाठ होते, दुसऱ्या बाजूला सरकली तर रेघ तुटते आणि 'ऱ्या'चा नुसता 'या' उरतो. तेव्हा तुमच्या मजकुरात 'न्या'बरोबर 'दुसया', 'चेहयावर' असे शब्दही सापडत असतील, तर समजा फिल्टर लावलेला आहे. ओळखयंत्र आपल्या गरजेप्रमाणे काळे-पांढरे आतल्या आत करून घेते, त्याला रंगीत किंवा करडा मूळ फोटो द्या. कडा कापणे आणि पान सरळ करणे एवढेच स्कॅन ॲपकडून घ्या.

मागची शाई दिसत असेल तर पानाच्या मागे काळा कागद सरकवा. पांढरा नव्हे, काळा. पांढरा कागद उजेड परत फेकतो आणि त्या उजेडात मागची अक्षरे उठून दिसतात, काळा तो गिळतो. पान थोडे काळपट येते, पण सगळीकडे सारखे काळपट येते, आणि तसे यंत्राला चालते. फ्लॅश नको, खिडकीचा बाजूचा उजेड बरा. बांधणीजवळचे शब्द वाकलेले येत असतील तर पुस्तक पूर्ण सपाट न उघडता काटकोनात उघडा आणि जे पान घ्यायचे ते टेबलावर सपाट राहू द्या.

ॲपमधला दोष

जवळून काढलेल्या फोटोवरही 'न्या' येत असेल तर आधी भाषेची सेटिंग बघा. ज्या ॲपमध्ये भाषा निवडता येते तिथे 'मराठी' निवडलेली आहे ना? पुष्कळदा आपण कधीतरी 'हिंदी' लावलेली असते आणि देवनागरी येते आहे म्हणून ती तशीच राहते. हिंदी लागलेली असल्याची आणखी एक खूण: वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी मधूनमधून उभा दंड येतो. 'मराठी + हिंदी' अशी जोडी लावण्याचा मोह होतो, पण मराठी पुस्तकासाठी ती लावू नका. दोन पर्याय दिले की संदिग्ध जागी यंत्राला परत 'न्य'कडे जाण्याची वाट मिळते.

काही ॲपमध्ये भाषा नसते, फक्त लिपी असते. गुगलचे एमएल किट हे साधन अनेक ॲपच्या पोटात असते, त्यात लॅटिन, चिनी, देवनागरी, जपानी आणि कोरियन अशा लिप्यांचे वेगवेगळे संच आहेत. ॲप बनवणाऱ्याने देवनागरीचा संच जोडलाच नसेल तर मराठी पानाचे इंग्रजी अक्षरांचे अगम्य मिश्रण मिळते. तिथे फोटो सुधारून काही होणार नाही, ॲप सोडून द्या.

गुगल ड्राइव्हवर पान चढवून ते डॉक्समध्ये उघडले की मजकूर मिळतो, हा मार्ग पुष्कळांच्या सवयीचा आहे. फोनवर तो वापरायला मी ब्राउझरमध्ये Desktop site निवडून drive.google.com उघडतो, आणि फाइलवर Open with → Google Docs देतो. यासाठी गुगलने सांगितलेली मर्यादा २ एमबीची आहे, आणि इथे लोक चुकतात: फोटो ४ एमबीचा असला की तो आकाराने लहान करतात. म्हणजे पुन्हा ठिपके गेले. त्याऐवजी आधी कडेचे टेबल, बोटे, शेजारचे पान कापून टाका. तरी मोठा राहिला तर जेपीजीची गुणवत्ता थोडी उतरवा, लांबी-रुंदी तशीच ठेवा.

ज्यांना थोडी खटपट चालते त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर टर्मक्स या आज्ञा टाइप करून वापरायच्या ॲपमध्ये टेसरॅक्ट चालवणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण तिथे कोणती भाषा लागली याबद्दल शंका राहत नाही.

```
pkg install tesseract python
tesseract --list-langs
```

दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात पहिल्याच ओळीत भाषांच्या फाइली कुठल्या फोल्डरात आहेत ते छापून येते. यादीत `mar` नसेल तर टेसरॅक्टच्या `tessdata_best` या संग्रहातून `mar.traineddata` उतरवून त्या फोल्डरात ठेवा. `tessdata_fast` मधलीही चालते, ती लहान आणि वेगवान आहे, पण फोनवर एकेक पान करायचे असेल तर वेगाची घाई कशाला? मग:

```
tesseract pan12.jpg pan12 -l mar --psm 4
```

`--psm 4` म्हणजे पानावर मजकुराचा एकच स्तंभ आहे असे सांगणे. हे न सांगता कधीकधी रुंद मोकळ्या जागेला यंत्र दोन स्तंभांमधली फट समजते आणि ओळी अर्ध्यात तोडते. निकाल `pan12.txt` मध्ये मिळतो.

एक उतारा प्रत्यक्ष

हे सगळे करूनही काही 'न्या' उरतातच. ते दुरुस्त कसे करायचे यासाठी मी दोन वाक्ये मुद्दाम रचली आहेत, पण यातली प्रत्येक चूक मी पुस्तकांत पाहिलेली आहे. पानावर असे आहे:

किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याने जुन्या जाळ्याच्या गाठी सोडवायला घेतल्या. वाऱ्याची तऱ्हा पाहून तो पुन्हा आत गेला.

आणि ॲपने दिले असे:

किनान्यावरच्या दुसन्या घरात राहणाच्या म्हातान्या कोळ्याने जुन्या जाळ्याच्या गाठी सोडवायला घेतल्या. वार्याची तन्हा पाहून तो पुन्हा आत गेला.

सहा जागा चुकल्या. चार ठिकाणी न आला, एका ठिकाणी च, एका ठिकाणी रफार. आता पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो असा: 'न्य' शोधा, सगळीकडे 'ऱ्य' करा, 'न्ह'चा 'ऱ्ह' करा, काम झाले. करून बघा. चार जागा सुधारतात, पण 'जुन्या'चे 'जुऱ्या' होते आणि 'पुन्हा'चे 'पुऱ्हा'. 'राहणाच्या' आणि 'वार्याची' तसेच राहतात. सहा चुकांच्या चार झाल्या, आणि त्यातल्या दोन नव्या, आपण स्वतः घातलेल्या. पूर्ण पुस्तकावर हे केलेत तर 'धान्य', 'सामान्य', 'सैन्य', 'अन्याय', 'उन्हाळा', 'गुन्हा' सगळे बाद होतील. मी एकदा असे करून बसलो होतो. सोन्याच्या जागी सगळीकडे सोऱ्या आला, आणि सोऱ्या हा खरा शब्द असल्यामुळे वाचताना तो लवकर खटकलाही नाही.

म्हणून बदल अक्षराचा करायचा नाही, शब्दाच्या तुकड्याचा करायचा. कुठला तुकडा निर्धास्त आहे हे ठरवायला मराठीचे व्याकरण मदतीला येते. ज्या शब्दाच्या शेवटी 'रा' किंवा 'री' आहे त्याचे सामान्यरूप किंवा अनेकवचन करताना 'ऱ्य' येतो: दुसरा–दुसऱ्या, किनारा–किनाऱ्या, शेतकरी–शेतकऱ्यां, पायरी–पायऱ्या. उलट जिथे मूळ शब्दातच 'र्य' आहे, कार्य, धैर्य, सौंदर्य, तिथे रफार राहतो. तेव्हा शंका आली की मूळ शब्द आठवायचा. 'कर्मचान्य' दिसले, मूळ 'कर्मचारी', म्हणजे 'कर्मचाऱ्य'. 'जुन्या' दिसले, मूळ 'जुना', हात लावायचा नाही.

सर्वांत जास्त फळ देणारा तुकडा 'णान्य' आहे. करणारा, जाणारा, असणारा यांची सगळी रूपे त्यात येतात, आणि मराठीत 'णान्य' असलेला दुसरा खरा शब्द मला अजून भेटलेला नाही. तो डोळे मिटून 'णाऱ्य' करा. 'णार्य'चेही तसेच.

'णाच्य' मात्र डोळे मिटून करू नका. 'कारणाच्या', 'शिक्षणाच्या' हे सरळ षष्ठीचे शब्द आहेत. 'राहणाच्या' हे नक्की चुकीचे आहे, म्हणून तो पूर्ण शब्द बदलायच्या तुकड्यांच्या यादीत टाकता येतो. 'करणाच्या' टाकायचा तर त्याच्या आधी एक मोकळी जागा धरूनच टाका, नाहीतर 'प्रकरणाच्या' आणि 'अंतःकरणाच्या' यांचे शेपूट बदलून 'प्रकरणाऱ्या' होईल. आणि 'मरणाच्या', 'जेवणाच्या', 'वळणाच्या' यांना तर यादीत घेताच येत नाही. 'मरणाच्या दारात' बरोबर, 'मरणाऱ्या माणसाजवळ' हेही बरोबर. तिथे पान उघडून बघण्याला पर्याय नाही. अशा शब्दांची मी वेगळी छोटी यादी ठेवतो आणि प्रत्येक जागी शोध थांबवून पानाशी ताडतो.

'वार्या' हाही फसवा आहे. 'वार्य' सरसकट बदललात तर 'अनिवार्य' बिघडते. आधी मोकळी जागा धरून ' वार्या' शोधा.

ही यादी पुस्तकागणिक वाढते, म्हणून ती एका फाइलमध्ये ठेवलेली बरी. पायथन घातलेलेच आहे, तर:

```
import unicodedata
t = open("pan12.txt", encoding="utf-8").read()
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
t = unicodedata.normalize("NFC", t)
yadi = [("णान्य", "णाऱ्य"), ("णार्य", "णाऱ्य"),
        ("किनान्य", "किनाऱ्य"), ("दुसन्य", "दुसऱ्य"),
        ("म्हातान्य", "म्हाताऱ्य"), ("राहणाच्य", "राहणाऱ्य"),
        (" वार्या", " वाऱ्या"), ("तन्हा", "तऱ्हा")]
for a, b in yadi:
    t = t.replace(a, b)
open("pan12-nit.txt", "w", encoding="utf-8").write(t)
```

वरचा उतारा यातून काढला की सहाही जागा नीट होतात, 'जुन्या' आणि 'पुन्हा' जागच्या जागी राहतात. पायथन नको असेल तर कुठल्याही चांगल्या मजकूर-संपादक ॲपमध्ये एकेक जोडी 'शोधा आणि बदला'तून फिरवता येते, वेळ जास्त लागतो इतकेच. नवी जोडी यादीत घालण्याआधी चुकीचा तुकडा आख्ख्या पुस्तकात शोधून तो कुठल्या कुठल्या शब्दांत येतो ते एकदा बघून घ्या. 'बन्या'चे 'बऱ्या' करताना माझ्या एका पुस्तकातल्या बन्या नावाच्या मुलाचे बारसे परत झाले होते. तिथे 'बन्याच'पर्यंतच थांबायला हवे होते, आणि 'बन्याच चुकला' असेही वाक्य असू शकते हे ध्यानात घ्यायला हवे होते.

दिसतो बरोबर, पण सापडत नाही

आता तो तिसरा प्रकार. वरच्या कोडमधल्या तिसऱ्या-चौथ्या ओळी त्याच्यासाठी आहेत.

युनिकोडमध्ये हा कोयत्यासारखा र तीन तऱ्हांनी लिहिला गेलेला सापडतो. पहिली तऱ्हा: ऱ हे स्वतंत्र अक्षर, U+0931, आणि त्याला हलन्त. दुसरी: साधा र, हलन्त, आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, U+200D. तिसरी: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पण साधा शोध आकार बघत नाही, संकेतांक बघतो. तुमच्या कळफलकाने पहिल्या तऱ्हेने लिहिले आणि ॲपने दुसऱ्या तऱ्हेने दिले असेल, तर शोध म्हणणार 'सापडले नाही', आणि तुम्ही म्हणणार समोर तर दिसतोय. तुमची बदलायची यादीही अशाच कारणाने मध्येच निकामी होते.

यातली दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची. न दिसणारी चिन्हे काही ॲप, काही संकेतस्थळांच्या चौकटी 'नको असलेला कचरा' समजून झाडून टाकतात. ते चिन्ह गेले की उरतो साधा र आणि हलन्त, आणि तो ताबडतोब रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. काल बरोबर असलेला 'दुसऱ्या' आज चिकटवल्यावर 'दुसर्या' झाला, ही तक्रार बहुतेकदा यामुळे असते, ओळखयंत्राचा त्यात काही संबंध नसतो. म्हणून मजकूर हाती आला की सर्वांत आधी सगळे पहिल्या तऱ्हेवर आणायचे. कोडमधला `replace` दुसरी तऱ्हा पहिलीत बदलतो आणि `normalize` तिसरी. हे यादीच्या आधी व्हायला हवे, नंतर नव्हे.

हाताने टाइप करताना ऱ वेगळा घेऊन मग हलन्त आणि य द्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर शिफ्टसह आहे.

जाता जाता: 'ॲप'मधल्या ॲ चेही असेच जुळे आहे. एक स्वतंत्र अक्षर U+0972, दुसरे अ अधिक वरचा चंद्र. फरक एवढाच की `normalize` या दोघांना एक समजत नाही, तिथे वेगळी जोडी यादीत घालावी लागते.

जिथे हे चालत नाही

खिळा इतका झिजला आहे की आपल्यालाही 'ऱ्या' आहे की 'न्या' हे संदर्भाशिवाय सांगता येत नाही, अशा पानांवर फोटो, ॲप, भाषा काहीही केले तरी फरक पडत नाही, तिथे यादी आणि डोळे एवढेच हाताशी असते. कवितांच्या पुस्तकात यादी जपून वापरा, कारण 'सान्या' हे तिथे 'साऱ्या'चे बिघडलेले रूप असेल किंवा 'साना'चे खरे सामान्यरूप. विशेषनामांचेही तसेच: 'वन्हाड' दिसले की 'वऱ्हाड' करायला हरकत नाही, पण अनोळखी आडनाव असेल तर पान बघा. तळटिपांचा टाइप लहान असतो, त्यांच्यासाठी मी वेगळा जवळचा फोटो काढतो आणि मजकूर नंतर जोडतो.

पूर्ण पुस्तक हातात घेण्याआधी सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी तीन पाने करून बघा. त्यात 'न्य', 'न्ह', 'णाच्य' आणि 'र्य' हे चार तुकडे शोधा आणि प्रत्येक जागा पानाशी ताडा. अर्ध्या तासाचे काम आहे. तिन्ही पानांवर बहुतेक 'ऱ्या' चुकलेले असतील तर फोटो काढण्याची पद्धत बदला, फक्त एकाच पानावर चुकले असतील तर त्या पानाचा फोटो परत काढा, आणि अधूनमधून एखादा चुकत असेल तर यादी करायला घ्या.